किशोर संघाच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा : पत्रात काय लिहावं, काय गाळावं?

जुना_चढाईपटू

नमस्कार मंडळी. कल्याणजवळच्या एका कबड्डी मंडळात मी किशोर मुलांचा संघ बघतो. नोकरी विमा कंपनीत, कबड्डी संध्याकाळी साडेसहानंतर. परवा बढतीसोबत नागपूरला बदलीचं पत्र हातात पडलं. १ नोव्हेंबरला तिकडे हजर व्हायचंय. घरी बोलणं झालं, जाणार हे नक्की.

घोळ तारखेचा आहे. जिल्ह्याची किशोर गटाची निवड चाचणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होईल अशी चिन्हं आहेत. म्हणजे वर्षभर मेहनत घेतली आणि ऐन स्पर्धेत मी नाही. रविवारी कार्यकारिणीची सभा आहे, तिथे राजीनामा द्यायचाय. काल रात्री बसून मसुदा लिहिला, तो खाली देतोय. बिनधास्त सुचवा.

> मा. अध्यक्ष व सर्व पदाधिकारी, स. न. वि. वि.
> अत्यंत जड अंतःकरणाने हे पत्र लिहीत आहे. गेली अनेक वर्षे मी या मंडळासाठी रक्ताचे पाणी केले. मैदानावर दिवे नसताना मोटारसायकलच्या उजेडात सराव घेतला. मॅटसाठी वारंवार मागणी करूनही तिचा विचार झाला नाही, तरीही मुलांनी नाव काढले. आता नोकरीनिमित्त स्थलांतर होत असल्याने नाइलाजाने मंडळातील माझ्या सर्व पदांचा राजीनामा देत आहे. माझ्या जागी माझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलाची नेमणूक करावी. मी दर शनिवार-रविवार येऊन संघाकडे लक्ष देईन आणि निवड चाचणीपर्यंत प्रशिक्षक म्हणून जबाबदारी सांभाळेन. मुलांच्या पाठीशी मी सदैव उभा राहीन.
> आपला नम्र…

---

मृणाल_के

अभिनंदन आणि शुभेच्छा! मी मनुष्यबळ विभागात आहे, रोज राजीनामे वाचते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. या पत्रात तारीखच नाही. 'निवड चाचणीपर्यंत' ही काही तारीख नव्हे, चाचणी पुढे ढकलली तर काय? शेवटचा दिवस आकड्यात लिहा. मॅटची तक्रार काढून टाका, राजीनाम्यात तक्रार आली की बदलीचं कारण कोणालाच खरं वाटत नाही.

दुसरं म्हणजे ३० दिवसांची नोटीस द्यावीच लागेल, आणि राजीनामा मंजूर होऊन कार्यमुक्तीचं पत्र मिळेपर्यंत तुम्ही कायद्याने बांधील आहात. मंडळ नामंजूरही करू शकतं. त्यामुळे आजच द्या.

---

दप्तरदार

मृणालताईंचं पहिलं सगळं पटलं, नोटिशीचं नाही. तो नोकरीचा नियम झाला. इथे ना नेमणूकपत्र, ना पगार, फार तर दिवाळीला नारळ आणि शाल. विनामोबदला काम करणाऱ्या माणसाला मंडळ कोणत्या जोरावर थांबवणार? मंडळाच्या घटनेत राजीनाम्याबद्दल काही कलम असेल तर ते पाहायचं, आणि तेही बहुधा कार्यकारिणी सदस्यांबद्दल असतं, प्रशिक्षकाबद्दल नसतं.

मी एका मंडळाचं कार्यवाहपद बरीच वर्षं सांभाळलंय, म्हणून आधी एक विचारतो. 'सर्व पदांचा' असं लिहिलंय, ती सगळी पदं कोणती? निव्वळ प्रशिक्षक आहात की कार्यकारिणीतही नाव आहे? बँकेत सही कोणाची चालते?

---

जुना_चढाईपटू

काका, बरोबर नस पकडलीत. मी सहकार्यवाह आहे. आणि बँकेत खजिनदार व अध्यक्ष यांच्यासोबत तिसरी सही माझी, तिघांपैकी कोणत्याही दोघांची चालते. अध्यक्ष वर्षातले सहा महिने गावी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात प्रत्येक चेकवर खजिनदार आणि मी. खजिनदार म्हणाले, जाण्याआधी दहा-बारा चेकवर सही करून ठेव, नवीन माणूस येईपर्यंत अडायला नको.

---

दप्तरदार

ते चेक सही करू नका. खजिनदार देवमाणूस असला तरी नको. कोऱ्या चेकवर सही करून तुम्ही नागपूरला गेलात आणि वर्षभराने हिशेबात एखाद्या रकमेचा मेळ बसला नाही, की उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. नारळपाण्यासाठी काढलेले दोन हजार होते की स्पर्धेच्या मंडपाचे वीस हजार, हे तुम्हाला ठाऊकही नसेल.

आता नीट सांगतो. तुम्ही तीन वेगळ्या खुर्च्यांवर बसलेले आहात आणि प्रत्येकीवरून उठायची रीत वेगळी आहे. प्रशिक्षकपद मंडळाने दिलेलं काम आहे, त्याला कार्यवाहांच्या नावे साधं पत्र पुरतं. सहकार्यवाहपदाचं तसं नाही. आपली बहुतेक मंडळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. म्हणजे कार्यकारिणीतल्यांची नावं धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट १ वर असतात. त्यातलं कोणी गेलं किंवा आलं की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला तुमचा राजीनामा, तो स्वीकारल्याचा ठराव आणि नव्या माणसाचं संमतिपत्र जोडतात. प्रशिक्षकपद सोडतोय इतकंच लिहिलेलं पत्र तिथे कामाला येत नाही, आणि मुलांच्या आठवणींनी भरलेलं दोन पानी पत्रही जोडायला बरं दिसत नाही. म्हणून दोन पत्रं करा. एक प्रशिक्षकपदाचं, एक सहकार्यवाहपदाचं.

सभेत ठराव झाला तरी मंडळं हा अर्ज करायला विसरतात. दहा-दहा वर्षांपूर्वी गावं सोडून गेलेली माणसं कागदावर अजून पदाधिकारी असलेली मी पाहिली आहेत. मग कधी भांडण लागलं की नोटीस त्यांच्या दारात. ९० दिवस उलटले तर विलंबमाफीचा अर्ज जोडून काम होतं, पण ती वेळ येऊ देऊ नका.

बँकेला ठरावाची प्रत आणि नव्या सहीदाराची कागदपत्रं गेली की तुमची सही बंद. ते होईपर्यंत बँकेच्या लेखी तुमची सही चालूच, राजीनामा दिला असला तरी. त्यामुळे हा ठराव त्याच सभेत करून घ्या.

---

पी_जोशी

माझ्या मुलीचीही अशीच अडचण आहे. आम्ही पुण्याहून नाशिकला आलो, ती किशोरी गटात खेळते. जुनं मंडळ ना-हरकत देत नाही, म्हणतात हंगाम संपू दे. तर राजीनामा मुलीच्या नावाने द्यायचा की पालकांच्या? खेळाडूचा राजीनामा मंजूर व्हायला किती दिवस लागतात?

---

दप्तरदार

जोशीसाहेब, हा धागा प्रशिक्षकाच्या राजीनाम्याचा आहे. खेळाडू राजीनामा देत नाही, तिची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. तुम्ही दोन्ही जिल्हा संघटनांच्या कार्यवाहांना भेटा आणि वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

सोनूची_आई

मी पालक म्हणून लिहिते. आमच्या मुलाच्या संघाचे सर गेले ते आम्हाला व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. कोणीतरी राजीनाम्याच्या पत्राचा फोटोच टाकला. त्यात मंडळाबद्दल काही-बाही लिहिलं होतं. मुलं तेच वाचत बसली, सरांचं कमिटीशी भांडण झालं असं शाळेत पसरलं. खरं तर सरांची बदलीच झाली होती. निम्मी मुलं महिनाभर मैदानावर फिरकली नाहीत.

तुमच्या पत्रात 'मागणी करूनही विचार झाला नाही' हे वाक्य आहे ना, त्याचंच असं होणार. आणि रविवारी सभा, तर मुलांना शनिवारीच सरावानंतर बसवून सांगा. पालकांना त्याच वेळी बोलवा. फोनवर नको.

---

जुना_चढाईपटू

ताई, मुलांना आधी सांगायचं हे मान्य. पण मॅटचं मी का गाळू? मातीवर सराव करून मुलं मॅटवरच्या स्पर्धेला जातात, पहिल्या सामन्यात बूट घालून पळताच येत नाही, वळताना पाय अडकतो. हे लेखी कुठेतरी असलं पाहिजे. मी गेल्यावर कोण बोलणार?

---

दप्तरदार

लेखी असूच दे, पण राजीनाम्यात नको. नव्या प्रशिक्षकासाठी वेगळी टिपणं काढाल, त्यात लिहा: स्पर्धेआधी आठ-दहा दिवस शेजारच्या ज्या मंडळाकडे मॅट आहे त्यांच्याकडे सराव ठेवावा, बुटांची सवय करावी. तिथे ती कामाची सूचना ठरते.

---

वैदर्भी

नागपूरकर बोलतोय, आधी स्वागत! दर शनिवार-रविवार येईन हे वाक्य आजच खोडा भाऊ. विदर्भ एक्स्प्रेसने शुक्रवारी संध्याकाळी निघाल तर शनिवारी सकाळी कल्याणला, रविवारी संध्याकाळी परत गाडीत, सोमवारी सकाळी थेट कार्यालयात. एखाद् वेळी ठीक. नव्या जागी, नव्या हुद्द्यावर, महिन्यातून दोनदाही जमायचं नाही. आणि तिकीट? दिवाळीच्या आसपास तर विसराच.

एक आणखी. महाराष्ट्राची संघटना वेगळी आणि विदर्भाची वेगळी, राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ स्वतंत्र उतरतो. म्हणजे उद्या इथे एखाद्या मंडळाने तुम्हाला संघ दिला, आणि तो देतीलच, तर तुमचं नाव तिकडच्या प्रवेशिकेवर अजून प्रशिक्षक म्हणून असणं बरं दिसेल का? तिकडचं नीट मिटवूनच या.

---

रेडर_०७

माझं मत वेगळं आहे. राजीनाम्यावर ३० नोव्हेंबर तारीख टाका. कागदावर तुम्हीच प्रशिक्षक राहाल, चाचणीला दोन दिवस रजा काढून या, बाकावर बसा. मुलांना धीर येईल. सराव तोवर कोणीतरी घेईल. महिन्याभराचा तर प्रश्न. आमच्या सरांनी असंच केलं होतं, काही बिघडलं नाही.

---

दप्तरदार

बिघडलं नाही ते नशीब. संपूर्ण नोव्हेंबर सराव दुसरं कोणी घेणार, आणि कागदावर प्रशिक्षक तुम्ही. १० तारखेला पकडीत एखाद्या मुलाचा खांदा निखळला, तर त्याचे आईवडील कोणाला विचारणार? मैदानावर उभा असलेला म्हणेल मी नुसता मदतनीस, आणि तुम्ही नागपुरात. प्रशिक्षक कोण, हे मुलांच्या बाबतीत एका क्षणासाठीही संदिग्ध नसावं.

माझ्या मते शेवटचा सराव ज्या दिवशी प्रत्यक्ष घ्याल तीच तारीख टाका. २८ ऑक्टोबर असेल तर २८. २९ पासून जो मैदानावर, तोच कागदावर. चाचणीची प्रवेशिका आधीच गेली असेल तर प्रशिक्षकाचं नाव बदलण्यासाठी मंडळाच्या शिक्क्याचं पत्र जिल्हा संघटनेला द्या. तुम्ही जरूर या, प्रेक्षकांत बसा.

---

रेडर_०७

काका, पण १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यंतराच्या पाच मिनिटांत जे ऐकायला हवं ते प्रेक्षकांतून ओरडून सांगता येत नाही. नवा माणूस पहिल्याच स्पर्धेला एकटा बाकावर, हा मुलांवर अन्याय नाही का? पूर्वार्धात लोण बसला तर तोच गांगरेल.

---

मृणाल_के

दोघांचंही पटतंय! नोकरीत आम्ही अशा वेळी जाणाऱ्याला सल्लागार म्हणून ठेवतो. इथे संघ व्यवस्थापक म्हणून नाव देता येईल का त्या स्पर्धेपुरतं?

---

दप्तरदार

व्यवस्थापकाने मुलांसोबत राहायचं असतं, त्यांची कागदपत्रं, वजन, जेवणखाण बघायचं असतं. पूर्ण स्पर्धेची रजा काढणार असतील तर जरूर. एक दिवस येऊन जाणार असतील तर तो घोळ पुन्हा तोच.

---

जुना_चढाईपटू

पूर्ण स्पर्धेला रजा मिळेल असं आज सांगू शकत नाही. म्हणून नाव न देता जाईन म्हणतो. रेडर, तुझा मुद्दा डोक्यात राहणार आहे, पण तारीख मी २८ च टाकतोय.

आता पुढचा प्रश्न. पत्रात नव्या प्रशिक्षकाचं नाव सुचवायचं की नाही? माझ्याकडे खेळून मोठा झालेला एक मुलगा आहे. आता कुमार गटातून खेळतो, डावा कोपरा. किशोरांचा सराव गेले काही महिने तोच अर्धा घेतो. मुलं त्याचं ऐकतात. प्रशिक्षणाचा कसलाही अभ्यासक्रम केलेला नाही. कार्यकारिणीतल्या एकांना त्यांचा भाचा आणायचाय, त्याने पतियाळाचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केलाय, पण किशोर मुलं कधी सांभाळलेली नाहीत.

---

सोनूची_आई

जो मुलांना ओळखतो तो. एवढंच.

---

वैदर्भी

ताई, मान्य, पण तो स्वतः कुमार गटात खेळतो. कुमारांची चाचणी आणि किशोरांचा सराव एकाच आठवड्यात आला तर तो कुठे जाईल? आपल्याच खेळाकडे ना. त्या वयात जावंच त्याने.

---

दप्तरदार

राजीनाम्यात नाव सुचवलंत की पत्राची चर्चा बाजूला राहील आणि भाच्यावरून सभा रंगेल. नेमणूक कार्यकारिणीचं काम. तुम्ही पत्र देऊन झाल्यावर सभेत तोंडी मत मांडा, अजून सहकार्यवाह आहात, मताचा अधिकार आहे. म्हणूनच सहकार्यवाहपदाचं पत्र त्या विषयानंतर द्या. क्रम महत्त्वाचा आहे.

---

मृणाल_के

हा क्रमाचा डाव आवडला :) पण कामाची सोपवणूक कशी करणार? आमच्याकडे त्याचा तक्ता असतो.

---

जुना_चढाईपटू

टिपणं काढतोय. प्रत्येक मुलाचं एक पान. त्यात सर्वांत आधी वजन आणि जन्मतारीख, कारण किशोर गटाला १६ वर्षं आणि ५५ किलो ही अट आहे. माझा उजवा कोपरा गेल्या रविवारी ५४ किलो २०० ग्रॅम भरला. उंची झपाट्याने वाढतेय. नोव्हेंबरपर्यंत तो ५५ च्या पुढे जाणार हे मला दिसतंय, नव्या माणसाला चाचणीच्या आदल्या रात्री दिसेल. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: जेवण बंद, पाणी बंद, अंगात रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या. सकाळी वजनात बसतो आणि दुपारी पहिल्याच पकडीत पायात गोळे येतात.

म्हणून पानावर लिहिलंय की याला उपाशी ठेवायचं नाही. १ नोव्हेंबरला वजन करा, ५५ च्या वर गेला तर किशोरमधून काढून कुमारच्या सरावाला पाठवा, तिथे मर्यादा ७० किलोची आहे. खेळायला मिळेल न मिळेल, शिकेल तरी. त्याची जागा घेणारा राखीव मुलगा आत्तापासून कोपऱ्यावर उभा करायला सुरुवात केलीय. घोट्याची पकड बरी आहे, पण मध्यरक्षकाशी साखळी धरताना हात लवकर सोडतो.

असंच एकाच्या गुडघ्याचं, एकाच्या दम्याच्या पंपाचं, एकाची दहावी आहे आणि त्याच्या वडिलांना खेळ पसंत नाही, त्याचं.

---

सोनूची_आई

हे वाचून बरं वाटलं. पण दम्याचं आणि घरचं पान सगळ्या कमिटीच्या हातात जाणार का? आणि आमच्या मुलांचे आधार, जन्मदाखले, शाळेचे दाखले तुमच्या फोनमध्ये असतील ना?

---

जुना_चढाईपटू

आहेत ताई, फोनमध्ये आणि एका फाइलमध्येही. फाइल कार्यवाहांकडे देऊन पोच घेतो, फोनमधलं पालकांसमोर काढून टाकतो. पानं फक्त नव्या प्रशिक्षकाला. ग्रुपवर कार्यवाहांना अॅडमिन करून मी बाहेर पडेन.

दप्तरदारकाकांच्या सूचनेनुसार प्रशिक्षकपदाचं पत्र असं केलंय:

> दि. १२ ऑक्टोबर
> प्रति,
> मा. कार्यवाह
> विषय : किशोर गट प्रशिक्षकपदाचा राजीनामा
> महोदय,
> नोकरीतील बदलीमुळे मी नागपूर येथे स्थलांतरित होत आहे. त्यामुळे मंडळाच्या किशोर संघाच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा देत आहे. दि. २८ ऑक्टोबरचा सराव हा माझा शेवटचा सराव असेल. त्यानंतर संघाची जबाबदारी माझ्याकडे राहणार नाही, तरी तोपर्यंत नवीन नेमणूक करावी ही विनंती.
> माझ्याकडील खेळाडूंची कागदपत्रे, सरावसाहित्य व मैदानाच्या कुलपाची किल्ली सोबतच्या यादीप्रमाणे सुपूर्द करीत आहे. नवीन प्रशिक्षकांना २८ तारखेपर्यंत सरावात सोबत घेण्यास मी तयार आहे.
> मंडळाने मुलांसोबत काम करण्याची संधी दिली याबद्दल मी आभारी आहे.
> आपला,

---

मृणाल_के

कोरडं झालंय थोडं. आधीच्या पत्रात निदान माणूस दिसत होता.

---

दप्तरदार

माणूस शनिवारी मुलांसमोर दिसेल. पत्र चांगलं आहे. एक शब्द बदला: 'तोपर्यंत' ऐवजी 'दि. २० ऑक्टोबरपर्यंत' लिहा, म्हणजे नव्या माणसाला तुमच्याबरोबर आठवडाभर मिळेल. नाहीतर मंडळ २८ ला संध्याकाळी शोधायला निघेल. यादीवर दोघांच्या सह्या, आणि दोन्ही पत्रांच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यवाहांची तारखेसह पोच घ्या.

---

जुना_चढाईपटू

सभा झाली. दोन्ही पत्रं दिली, पोच मिळाली, बँकेचा ठरावही झाला. चेकवर सही केली नाही, खजिनदार जरा नाराज आहेत. प्रशिक्षकाचा निर्णय पुढच्या रविवारी. तोवर भाचा आणि आमचा डावा कोपरा दोघेही सरावाला येणार असं ठरलंय.

---

रेडर_०७

दोघे? मग मध्यंतरात बोलणार कोण?

---

वैदर्भी

चाचणीची तारीख लागली की इथे टाका. आणि नागपूरला घर कोणत्या भागात बघताय?